मदत हवी आहे: स्ट्रेटनर फिरवताना चर्रर्र आवाज येतो

मैत्रिणींनो, हीट प्रोटेक्टंट स्प्रे मारून लगेच स्ट्रेटनर फिरवला की चर्रर्र आवाज येतो, वाफ निघते. आता टोकांशी पांढरे ठिपके दिसतात आणि केस नेमके तिथेच तुटतात. ताई म्हणते, ओलाव्याची केसाच्या आतच वाफ होऊन बुडबुडे होतात, स्प्रे आधी पूर्ण वाळू दे. पटलं.

पण प्लेटचा सिरॅमिक लेपही एका कोपऱ्यात उडालाय, खालचा धातू दिसतो, बट तिथेच अडकते. केस बारीक, रंगवलेले; तापमान 210 वर असायचं. 170 वर आणून भागेल, की मशीनच बदलू? दुकानदार आयॉनिक ड्रायर गळ्यात मारतोय. त्याने केस कमी फुगतील, पण उष्णता तेवढीच लागणार ना? कोणी वापरलाय का?