मदत हवी आहे: छत्री नक्की किती तिरपी धरायची? गणित केलं तरी भिजतोय

गोदाकाठचा
चार दिवस रोज ओल्या पँटमध्ये ऑफिसात बसतोय. काल वैतागून गणितच मांडलं. अकरावीला असतं तेच, पाऊस सरळ खाली पडतो, माणूस पुढे चालतो, म्हणून माणसाला पाऊस समोरून तिरपा येताना दिसतो. पुस्तकातल्या उदाहरणात पावसाचा वेग 35 मीटर प्रति सेकंद आहे, तोच घेतला. माझा चालण्याचा वेग 1.4, म्हणजे ताशी 5 किलोमीटर. भागाकार करून कोन काढला तर आला जेमतेम 2 अंश. म्हणजे छत्री जवळपास सरळच. तशी धरली, तर शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून खाली चिंब. संध्याकाळी तशीच धरून आलो तर पाठ भिजली. चूक कुठे आहे तेवढं सांगा. रेनकोट सुचवू नका.

चिवडा_मिसळ
रेनकोट घ्या भो.

अकरावी_क्लास
सोपं आहे. ज्या दिशेने चालता त्या दिशेला छत्री झुकवायची. सापेक्ष वेगाचा हा ठरलेला नियम आहे. वेगाने चाललात तर जास्त झुकवायची. तुम्ही झुकवलीच नाही, म्हणून भिजलात.

गोदाकाठचा
अहो सर, 2 अंश झुकवली होती. आणि येताना पुढे झुकवली तरी पाठ कशी भिजली?

पर्जन्यमापक
जाता कुठून कुठे? आणि वारा कसा असतो?

गोदाकाठचा
त्याने काय फरक पडतो? नाशिकात गंगापूर नाक्यावरून आनंदवलीकडे जातो, संध्याकाळी परत. वारा नाहीच. घरातून खिडकीतून बघून निघतो, पाऊस अगदी दोरीसारखा सरळ पडत असतो.

पर्जन्यमापक
खिडकी कुठे उघडते?

गोदाकाठचा
डक्टमध्ये. का?

पर्जन्यमापक
मग तिथे वारा कुठून दिसणार? चारही बाजूंनी भिंती. दोन गोष्टी चुकल्यात, आधी छोटी सांगतो. 35 मीटर प्रति सेकंद वेगाने पाऊस कधीच पडत नाही. तो आकडा गणित सुटसुटीत व्हावं म्हणून घेतलेला. थेंब पडताना हवेचा विरोध वाढत जातो आणि लवकरच वेग स्थिर होतो. गन आणि किंझर या शास्त्रज्ञांनी मोजून 1949 मध्ये प्रसिद्ध केलेले वेग आजही वापरतात. 1 मिलिमीटरचा थेंब साधारण 4 मीटर प्रति सेकंद, 2 मिलिमीटरचा साडेसहा, आणि 5 मिलिमीटरचा टपोरा थेंबसुद्धा 9च्या आसपास. तुमच्या नेहमीच्या पावसाला साडेसहा धरा. मग वारा नसताना कोन 2 नाही, 12 अंश येतो.

अकरावी_क्लास
पुस्तकातलं उदाहरण पद्धत शिकवण्यासाठी आहे. पद्धत चुकीची नाही.

पर्जन्यमापक
पद्धत बरोबरच आहे सर, मी आकड्याबद्दल बोललो. पण 12 अंशांनीही यांचं तिसरं बटण भिजत नाही, ते पुढे सांगतो. खरी चूक वाऱ्याची आहे. पावसाळ्यात नाशिकला वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. आनंदवली नाक्याच्या पश्चिमेला, म्हणून तिकडे जाताना तो यांच्या तोंडावर, परतताना पाठीवर. येताना पुढे झुकवायचा नियम लावला तर पाठ भिजणारच.

सिडकोवाली
माझाही प्रश्न यातच विचारते. मी स्कूटीवर मागे बसते आणि छत्री धरते, तर ती उलटी होते. किती तिरपी धरू?

पर्जन्यमापक
ताई, ताशी 40 म्हणजे 11 मीटर प्रति सेकंद. कोन जवळपास 60 अंश. छत्री ढालीसारखी थेट चालवणाऱ्याच्या तोंडासमोर येईल. धरूच नका, वारा छत्रीसकट तुम्हालाही ओढेल.

चिवडा_मिसळ
रेनकोट घ्या ताई.

गोदाकाठचा
स्कूटी राहू द्या. वारा किती आहे ते मला कसं कळणार? मोबाईलवर ताशी 18 दाखवतंय, तोच घेऊ का?

पर्जन्यमापक
नको. तो मोकळ्या जागेतला, 10 मीटर उंचीवरचा असतो. रस्त्यावर, इमारतींच्या मधे, डोक्याइतक्या उंचीला तो बराच कमी होतो. त्यापेक्षा पावसालाच विचारा. अंधार पडल्यावर दिव्याच्या खांबाजवळ स्थिर उभे राहा. चालायचं नाही, नाहीतर तुमचा वेग त्यात मिसळतो. खांबाच्या चारही बाजूंनी फिरून बघा, जिथून थेंबांच्या रेघा सगळ्यात तिरप्या दिसतात तिथून फोटो घ्या. खांब आणि रेघ यांच्यामधला कोन मोजा. आणि हो, भिजताना उजवी बाही जास्त भिजते की डावी?

गोदाकाठचा
जाताना डावी. हे कसं ओळखलंत?

पर्जन्यमापक
ओळखलं नाही, विचारलं. डावी असेल तर वारा अगदी नाकासमोरून नाही, थोडा डावीकडून म्हणजे नैर्ऋत्येकडून आहे. दांडा जरा डाव्या खांद्याच्या दिशेने कलवा.

पळा_रोज
एवढं गणित कशाला? पळत जा. कमी वेळ पावसात, कमी भिजणं. मी गोदाकाठाने रोज पळतो.

पर्जन्यमापक
डोकं उघडं असेल तर तुमचं खरं. पण वारा नसताना अंगावर समोरून येणारं पाणी वेगावर अवलंबून नसतं. तेवढ्या अंतरात वाटेतले थेंब तुम्ही अंगाने गोळा करताच, पळा किंवा चाला. पळण्याने वाचतं ते डोक्यावरचं पाणी, आणि ते छत्री आधीच अडवतेय. उलट पळाल्याने पाऊस जास्त तिरपा येतो आणि छत्रीखालून जास्त आत शिरतो. छत्री हातात असेल तर पळून फायदा नाही.

पळा_रोज
समोरून वारा असेल तर? तो तर उभं राहिलं तरी भिजवतोच. तिथे वेळ कमी केला तर फायदा व्हायलाच हवा.

पर्जन्यमापक
हा मुद्दा बरोबर आहे. समोरच्या वाऱ्यात पळण्याने एका बाजूने वाचतं, दुसऱ्या बाजूने कोन वाढून जास्त अंग उघडं पडतं. कोणतं जड भरेल ते छत्रीच्या मापावर आहे. मी छातीठोक सांगणार नाही.

गोदाकाठचा
फोटो काढला. तीन-चार रेघा मोजल्या, 25 अंशांच्या आसपास. आता?

पर्जन्यमापक
25 अंशांचा टॅन 0.47. थेंब साडेसहाने खाली येतोय, म्हणजे आडवा साधारण 3 मीटर प्रति सेकंद. हा तुमच्या रस्त्यावरचा वारा. जाताना वारा तोंडावर, म्हणून 3 आणि 1.4 ची बेरीज, 4.4. साडेसहाने भागलं की कोन 34 अंश, दांडा पुढे. येताना वारा पाठीवर आणि तुम्ही त्याच्याच दिशेने पळ काढताय, म्हणून वजाबाकी, 1.6. कोन 14 अंश, दांडा मागे. वारा थोडा तिरका आहे, त्यामुळे एखाददोन अंश इकडेतिकडे होतील.

अकरावी_क्लास
म्हणजे वारा बरोबर 1.4 असता तर येताना पाऊस यांना सरळ दिसला असता. हे मान्य. मी वारा नाही असं धरून सांगितलं होतं.

पर्जन्यमापक
तेही त्यांनीच सांगितलं होतं, डक्ट बघून. आता तिसऱ्या बटणाचं. 1 मीटर व्यासाची छत्री सरळ धरली तर तिची कड पोटाच्या पुढे साधारण 35 सेंटिमीटर येते. पाऊस 12 अंशांनी आला तर कडेला चुकवणारा थेंब खाली 165 सेंटिमीटर गेल्यावर अंगाला लागतो. कड जमिनीपासून 190 वर धरली तर फक्त नडगी भिजेल. पाऊस 34 अंशांनी आला तर 52 सेंटिमीटर खालीच लागतो. छातीपासून खाली सगळं. तुमचं तिसरं बटण बहुतेक तिथेच आहे.

गोदाकाठचा
हो, तिथेच आहे! मग 34 अंश धरली की पूर्ण कोरडा?

पर्जन्यमापक
नाही. दांडा पावसाच्या रेघेत आणला तरी छत्री 1 मीटरचीच राहते. माणसाची उंची धरून बघा, 27-28 अंशांच्या पुढे एवढी छत्री डोक्यापासून पायापर्यंत पुरत नाही. 34 ला खालचे वीसतीस सेंटिमीटर उघडे राहणार. नडगी भिजेल, शर्ट नाही. पुढे इतकी झुकवलेली छत्री डोळ्यांसमोर येते, गंगापूर रोडवर सांभाळा. खड्डे आणि रिक्षा छत्रीच्या कोनाकडे बघत नाहीत.

इगतपुरीकर
आमच्याकडे भातलावणीला इरलं घेतात. पाठ वाकलेली, इरलं पाठीवर, दोन्ही हात मोकळे. छत्री हा शहरी प्रकार. नाशिकवाल्यांना पाऊस माहीतच नाही, इगतपुरीला या.

चिवडा_मिसळ
येऊ, सोबत गरम मिसळ असेल तर.

गोदाकाठचा
दोन दिवस करून बघितलं. जाताना शर्ट कोरडा, पँट गुडघ्याच्या खाली ओली, अगदी सांगितल्याप्रमाणे. येताना मागे धरली, पाठ कोरडी. पण आज भुरभुर होती, पाऊस म्हणावा असाही नाही, आणि तरी चष्मा, तोंड, सगळं ओलं. 34 लाच धरली होती.

पर्जन्यमापक
भुरभुरीचे थेंब बारीक, अर्ध्या मिलिमीटरचे वगैरे, ते 2 मीटर प्रति सेकंदाने पडतात. वारा तोच असेल तर 4.4 भागिले 2, कोन 65 अंश. पाऊस जवळजवळ आडवाच येतो. मुसळधारेपेक्षा भुरभुर अडवणं अवघड, पाणी मात्र कमी.

गोदाकाठचा
म्हणजे भुरभुरीत छत्री पुढे आडवी धरून चालायचं?

पर्जन्यमापक
धरली तर समोरचं काहीच दिसणार नाही. मी भुरभुरीत छत्री मिटतो आणि चष्मा खिशात टाकतो.

सिडकोवाली
पारदर्शक छत्री मिळते का हो नाशिकमध्ये?