मदत हवी आहे: लॅबमध्ये ओप्पा कोणाला, सनबे कोणाला?

तेजॉनची_पाहुणी

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या सत्राला कोरियात तेजॉनमध्ये मास्टर्ससाठी आले आहे. येण्याआधी पुण्यात दोन वर्षं कोरियन शिकले, मालिका तर त्याच्याही आधीपासून बघते. तरी पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला.

लॅबमध्ये माझ्याखेरीज तिघं आहेत. नावं बदलून लिहिते. मिन्सू 1993 चा, पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. मिन्जी 1999 ची, मास्टर्सलाच, पण माझ्या एक वर्ष आधी आलेली. तहो 1996 चा, माझ्याबरोबरच दाखल झाला. मीही 1996 ची.

बुधवारी सगळे एकत्र जेवायला गेलो. पाण्याचा जग लांब होता, म्हणून मी अगदी सहज म्हटलं, "मिन्सू ओप्पा, पाणी द्या ना." टेबल गप्प. तहोने हसू दाबलं. मिन्सूने पाणी दिलं, पण त्या दिवसापासून तो माझ्याशी फार जपून बोलतो. दार उघडं ठेवून बोलतो, असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या डोक्यात ओप्पा म्हणजे दादा. आपण रिक्षावाल्यालाही दादा म्हणतो की! मग चुकलं कुठे? आणि मिन्जी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तिला काय म्हणू? सध्या मी तिच्या समोर जाऊन उभी राहते आणि ती बघेपर्यंत खोकते.

केड्रामा_कट्टा

खोकते हे भारी! अगं, पण तू काही चुकलेली नाहीस. मुलीने मोठ्या मुलाला ओप्पा, मोठ्या मुलीला अन्नी. मुलाने मोठ्या मुलाला ह्यंग, मोठ्या मुलीला नूना. सनबे म्हणजे आपल्याहून मोठा सीनियर. मिन्जी लहान आहे म्हणजे ती तुझी हुबे, ज्युनियर झाली, तिला सरळ नावाने हाक मार. मिन्सू लाजला असेल.

सोलकर

कट्टा, ओप्पा-अन्नी आणि ह्यंग-नूनाची दोन वाक्यं बरोबर. त्यानंतरचं ऐकलं तर या मुलीचं लॅबमधलं उरलेलं वर्ष कठीण जाईल.

सनबेचा वयाशी संबंध नाही. त्या दारातून कोण आधी आत आलं, एवढंच बघायचं. शाळा, विद्यापीठ, लॅब, कंपनी, वर्तमानपत्राची कचेरी, सगळीकडे हेच. मिन्जी तुझ्या आधी आली, म्हणून ती तुझी सनबे, तू तिची हुबे. तिला "मिन्जी सनबेनिम" म्हण. शेवटचं निम म्हणजे आपलं आदरार्थी "जी" समज, ते सुरुवातीला गाळू नकोस. मिन्सूलाही तेच, "मिन्सू सनबेनिम". आणि हुबे ही हाकच नाही. आपण "ए ज्युनियर, इकडे ये" म्हणतो का? तसंच ते, ओळख करून देताना वापरायचा शब्द आहे.

आता ओप्पा. तुझी चूक व्याकरणाची नाही, म्हणूनच ती पुस्तकात सापडत नाही. मराठीत दादा हा शब्द कुंपण घालतो. अनोळखी माणसाला मुलगी दादा म्हणते तेव्हा त्याला सभ्य अंतरावर उभं करते. कॉलेजात एखाद्याला तिने दादा म्हटलं की मित्र त्याची थट्टा करतात, कारण विषय संपला. ओप्पा त्याच कुंपणाचं फाटक उघडतो. सख्खा भाऊ, चुलत-मामेभाऊ, लहानपणापासूनचा शेजारी आणि त्यापुढे थेट प्रियकर आणि नवरा. मधला माणूस, म्हणजे ओळखीचा आहे पण जवळचा नाही असा, या शब्दात बसत नाही. विद्यापीठात मुली सीनियर मुलाला ओप्पा म्हणतात, पण बरोबर चार वेळा जेवून, त्याने "आता मोकळेपणी बोल" म्हटल्यावर. तू पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर म्हणालीस. ते उद्धट नाही वाटलं, लगट केल्यासारखं वाटलं.

आणि रिक्षावाल्याच्या जागी तिथे टॅक्सीवाला, त्याला किसानिम म्हणायचं. चालकसाहेब, साधारण.

मनीषा_ठाणे

माझ्याकडेही हाच त्रास आहे. मुलगी चौदा वर्षांची, भिंतीवर पोस्टरं आणि दिवसभर ओप्पा ओप्पा. आता बघून बघून धाकटा मुलगाही ओप्पा म्हणायला लागलाय. सासूबाई विचारतात, हे ओप्पा कोण? मोबाईल काढून घ्यावा का?

सोलकर

मोबाईलचं तुम्ही बघा, ताई. पण धाकट्याला सांगा की मुलगा ओप्पा म्हणत नाही, त्याने ह्यंग म्हणायचं. दादा आणि ताई मराठीत कोणीही म्हणतं. कोरियनमध्ये बोलणारा मुलगा की मुलगी, यावर शब्द बदलतो.

याचा एक गमतीदार अपवाद आहे. 1980 च्या दशकात, विद्यार्थी आंदोलनांच्या काळात, विद्यापीठातल्या मुली सीनियर मुलांना ह्यंगच म्हणायच्या. ओप्पा फार लाडिक वाटायचा. त्या पिढीतल्या बाया आजही जुन्या मित्राला ह्यंग म्हणताना ऐकल्यात मी. म्हणजे पाहुणी, तू अडखळलीस त्या दगडाला त्यांचीही ठेच लागली होती.

चाकणचा_फिटर

माझी अडचण पण घ्या. आमच्या कंपनीत कोरियन साहेब आहेत, आडनाव किम. इंटरनेटवर वाचलं की आदराने शी लावतात, म्हणून सहा महिने मी त्यांना "किम शी" म्हणत होतो. परवा दुभाष्याने बाजूला घेऊन सांगितलं, असं म्हणू नकोस. का ते सांगितलं नाही.

सोलकर

अरे देवा. शी पूर्ण नावाला किंवा पहिल्या नावाला लागतं, तेही बरोबरीच्या किंवा हाताखालच्या माणसासाठी. नुसत्या आडनावाला लावलं की आपल्याकडे मुकादम म्हणतो ना, "काय शिंदे, आलात का," तसा सूर येतो. साहेबांचं जे पद असेल ते घ्या आणि त्याला निम लावा. क्वाजांग असतील तर किम क्वाजांगनिम, पुजांग असतील तर किम पुजांगनिम. कंपनीत नातं चालत नाही, पद चालतं.

पाहुणी, हे तुझ्याही कामाचं आहे. मिन्सू तुला नाव आणि शी लावत असेल, तर तो राग नव्हे. नव्या माणसाशी बोलायची ती नेहमीची पद्धत आहे. तू मात्र त्याला उलट शी लावू नकोस, ते खालून वर जात नाही.

तेगूची_सून

सोलकरांचं बरंचसं पटतं, पण "चार वेळा जेवून" हा हिशेब त्यांचा. माझ्या नवऱ्याला मी सहा महिने सनबे म्हणत होते. ओप्पा म्हटलं त्या दिवशी त्याने लग्नाचं विचारलं, असं तो सांगतो. मला तसं आठवत नाही.

माझा अनुभव उलट्या बाजूचा. लग्नानंतर सासूबाईंसमोर त्याला ओप्पा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, नवऱ्याला भाऊ काय म्हणतेस? मोठ्या पिढीला ते अजूनही खटकतं. मी मनात म्हटलं, आई, ठाण्यातल्या सासूबाईही वर असंच विचारताहेत! दिराचा तर वेगळाच प्रश्न. अविवाहित धाकट्या दिराला तोर्यन्निम म्हणायचं, म्हणजे जवळजवळ "धाकटे मालक". तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, घरभर मोजे टाकणारा, आणि मी त्याला मालक म्हणायचं! आपल्या वन्सं आणि भावोजी परवडले. हल्ली पुष्कळ घरांत दिराला नावाने बोलावतात. आमच्या घरात सासरे नसले की आम्हीही.

एक गोष्ट मात्र इथे आल्यावर पहिल्या दिवशी घरची वाटली. खानावळीत वाढणाऱ्या बाईला इमो म्हणतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. आत्याला वेगळा शब्द आहे, कोमो, पण तो खानावळीत कोणी वापरत नाही. आपणही भाजीवालीला मावशीच म्हणतो, आत्या कधीच नाही. आईकडची माणसं जेवायला घालतात हे दोन्हीकडे ठरलेलं दिसतं. फक्त अजुम्मा, म्हणजे काकूबाई, म्हणू नकोस, पन्नाशीची बाईसुद्धा वळून बघते, आणि चांगलं बघत नाही.

केड्रामा_कट्टा

ठीक आहे, हुबेचं चुकलं माझं. पण मालिकेत नायिका पहिल्या भागातच ओप्पा म्हणते!

सोलकर

आणि पहिल्या भागातच त्याच्यावर कॉफी सांडते. मालिकेत सोळा भागांत लग्न उरकायचं असतं, घाई आहे.

तेजॉनची_पाहुणी

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहिले. एक, तहो. तो फेब्रुवारी 1996 चा आणि मी नोव्हेंबर 1996 ची. काल तो म्हणाला, "मी लवकरचा शहाण्णव, त्यामुळे माझे मित्र पंचाण्णवचे." हे काय असतं? मी त्याला ओप्पा म्हणावं असं सुचवतोय का? दुसरं, मिन्सूची माफी मागू का?

सोलकर

तिथे शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलं आदल्या वर्षीच्या मुलांबरोबर पहिलीत जायची. त्यांची जन्मसालं एक आणि वर्गमित्र दुसऱ्या सालचे. तो नियम आता गेला, पण तुमच्या वयाची मंडळी त्या गोंधळातच वाढली. म्हणून "तू मोठा की मी" यावर दारू पिताना तास तास वाद होतो. जून 2023 पासून सरकारी कामात सगळ्यांचं वय आपल्यासारखंच, वाढदिवसाला मोजतात. पण ह्यंग कोण आणि मित्र कोण हे अजून जन्मसालावरच ठरतं. तहो आणि तू एकाच सत्राला लॅबमध्ये आलात, म्हणजे तोंगी. तोंगीमध्ये "तहो शी" पुरे. ओप्पा त्याने मागितला तरी देऊ नकोस, इतक्यात तरी.

माफी मागू नकोस. उद्यापासून सनबेनिम म्हण, त्याला कळेल.

तेगूची_सून

मी मागेन. हसत हसत, एका वाक्यात. परदेशी माणसाला ते शोभतं आणि टेबलावरची ती शांतता कायमची जाते. नुसता शब्द बदललास तर तो विचार करत बसेल की आता काय झालं.

तेजॉनची_पाहुणी

ताजी बातमी. माफी मागितली. मिन्सू सनबेनिम म्हणाले, "माझी सख्खी बहीणसुद्धा मला ओप्पा म्हणत नाही, 'या' म्हणते." या म्हणजे "ए". आता बरं चाललंय.

मिन्जीला सकाळी सनबेनिम म्हटलं. ती खुर्चीवरून उठली, वाकली आणि म्हणाली, "तुम्ही मोठ्या आहात, मी तुम्हाला अन्नी म्हटलं तर चालेल का?" मी हो म्हटलं. आता ती मला अन्नी म्हणते, मी तिला सनबेनिम, आणि दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. दोघीही एकमेकींच्या मोठ्या. कॉफी मशीनपाशी पहिला कप कोणी घ्यायचा यावर आज दोन मिनिटं गेली.

सोमवारी प्राध्यापकांसमोर बैठक आहे. तिथेही तिने मला अन्नी म्हटलं तर चालेल, की तिला आधी सांगून ठेवू?

तेगूची_सून

प्राध्यापकांसमोर नाव आणि शी. पण ते तिला माहीत असणार, तू सांगू नकोस. सनबेला शिकवायचं नसतं.

सोलकर

अन्नीला शिकवता येतं की. आणि हो, उच्चार अन्नी, उन्नी नव्हे. स्पेलिंगमधला यू "कप"मधला आहे. धाग्यात सगळ्यांनी बरोबर लिहिलंय, तरी पोस्टरवाल्या ठाणेकर मुलीसाठी सांगून ठेवतो.

मनीषा_ठाणे

ती उन्नीच म्हणते. मी सांगितलं, तर म्हणाली, आई तुला काय कळतं.