प्रबंधाचे स्वतंत्र छोटे लेख करताना दोन प्रकरणांत विभागलेला निष्कर्ष कसा मांडावा?

खारट पाण्याचा बियांच्या उगवणीवर होणारा परिणाम या विषयावरील माझ्या प्रबंधातून विभागाच्या संकेतस्थळासाठी सुमारे 600 शब्दांचे, कोणत्याही क्रमाने वाचता येतील असे लेख तयार करायचे आहेत. प्रथम मी एका प्रकरणाचा एक लेख केला. परंतु कार्यपद्धतीचा लेख कोरडा झाला, आणि पुढील लेखांत ‘वर सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द इतक्या वेळा आले की ते स्वतंत्र नाहीत हे मलाच कळून चुकले.

आता मी एका निष्कर्षाला एक लेख देतो आणि त्याला लागणारी संज्ञा तिथेच एका वाक्यात समजावतो. ‘परासरण दाब’ म्हणण्याऐवजी ‘क्षारांमुळे बीला पाणी ओढून घेणे अवघड जाते’ एवढे पुरते.

अडचण एकाच ठिकाणी आहे. तिसऱ्या प्रकरणात खारट पाण्यात बिया उगवल्या नाहीत असे दिसते. पाचव्यात त्याच बिया धुऊन साध्या पाण्यात ठेवल्यावर त्यांतील बऱ्याच उगवल्या, म्हणजे त्या मेल्या नव्हत्या, अडल्या होत्या. केवळ पहिला लेख वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल. दोन्ही एकत्र केले तर लेख 1,100 शब्दांवर जातो. अशा वेळी आपण प्रयोगाचा तपशील कापता, की पहिल्या लेखातच पुढचा निकाल दोन ओळींत सांगून टाकता? शिवाय हे प्रयोग काचेच्या बशीतले आहेत, शेतातले नव्हेत, ही मर्यादा प्रत्येक लेखात नेमकी कुठे लिहावी?