पहिला नंबर बदलला की लगेच रोटेशन?

दर_शुक्रवारी:
अमेरिकी बाजारातल्या अकरा एसपीडीआर सेक्टर फंडांचं 13 आठवड्यांचं रिटर्न दर शुक्रवारी शीटमध्ये रँक करतो. पहिला नंबर बदलला की फोनवर अलर्ट येतो आणि सोमवारी मी नव्या लीडरमध्ये जातो. उगाच गुंतागुंत वाढवणाऱ्यांनी सांगावं, यात चूक काय आहे?

मंदगती:
सविस्तरच सांगतो, कारण ही पद्धत इथे सारखी कोणीतरी टाकतं आणि नवे लोक जशीच्या तशी उचलतात.

13 आठवड्यांच्या रिटर्नमध्ये दर शुक्रवारी एक नवा आठवडा आत येतो आणि एक जुना बाहेर पडतो. नंबर यातल्या कशामुळे बदलला, हे तुमचा अलर्ट बघतच नाही. समजा, गेल्या शुक्रवारी इंडस्ट्रियल्सचा XLI 9.2 टक्क्यांवर पहिला होता आणि हेल्थकेअरचा XLV 8.9 वर दुसरा. या आठवड्यात XLI 0.4 टक्के वाढला, XLV 0.3. म्हणजे सरशी XLI चीच. पण जो आठवडा बाहेर पडला, त्यात XLI 2.5 टक्के वर होता आणि XLV एक टक्का खाली. आता गणित करा. XLI येतो 7 वर, XLV जातो 10.3 वर. फोन वाजतो, लीडर बदलला! बाजारात या आठवड्यात असं काय घडलं? काहीही नाही. तीन महिन्यांपूर्वीचा एक आठवडा हिशोबातून गळला. आणि सोमवारी तुम्ही विकता कोणता फंड? जो या आठवड्यात पुढे होता तोच.

दर_शुक्रवारी:
मग दोघांत किमान दोन टक्क्यांचा फरक असेल तरच अलर्ट, आणि तोही सलग दोन आठवडे टिकला तर, अशी अट घालतो. मिटला विषय.

मंदगती:
नाही मिटला. वरच्या उदाहरणात फरक 3.3 टक्के आहे, तुमची अट सहज पार होते. आणि गळलेला आठवडा पुढच्या शुक्रवारी परत येत नसतो, त्यामुळे दोन आठवडे थांबूनही तो फरक तसाच दिसणार. या अटींनी बारीकसारीक अदलाबदल गाळली जाते, हे मान्य. हा दोष गाळला जात नाही.

जुना_खेळाडू:
तुम्ही 13 आठवडे चघळत बसा. नोव्हेंबर 2020 आठवतोय का? 9 तारखेला फायझरच्या लशीची बातमी आली आणि त्याच आठवड्यात एनर्जीचा XLE सुसाट सुटला. मी एका आठवड्याच्या रिटर्नवर रँक करतो, मी त्यात होतो. तीन महिन्यांचं रँकिंग लावणारे बसले होते वाट बघत.

मंदगती:
आणि त्याच वर्षीचा जून विसरलात? जूनच्या पहिल्या आठवड्यातही XLE असाच उसळला होता. तुमच्या रँकिंगमध्ये वरच दिसला असणार. तिथून ऑक्टोबरअखेर तो एक तृतीयांशाहून जास्त घसरला. सिग्नल दोन्ही वेळा सारखाच होता. नोव्हेंबरचा फायदा सांगायचा तर जूनचा तोटाही त्याच दमात सांगा.

जुना_खेळाडू:
जूनमध्ये स्टॉपलॉस लागला आणि बाहेर पडलो. ज्याने प्रत्यक्ष पैसा लावलेला नाही त्याने मला शिकवू नये.

कोष्टकवाली:
भांडण नंतर करा. आधी सांगा, डेटा कुठला वापरताय? गूगल शीटमधल्या GOOGLEFINANCE चा भाव डिव्हिडंडसाठी ॲडजस्ट झालेला नसतो. हे फंड मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये डिव्हिडंड देतात. युटिलिटीजच्या XLU आणि रोजच्या वापराच्या वस्तूंच्या XLP चा डिव्हिडंड टेक्नॉलॉजीच्या XLK पेक्षा बराच जास्त, म्हणजे साध्या भावावर रँक केलं की हे दोघे विनाकारण मागे पडतात.

दर_शुक्रवारी:
तिमाहीला पाऊण टक्का! एवढ्याशाने काय होणार?

कोष्टकवाली:
पहिल्या दोघांत 0.3 चा फरक असताना पाऊण टक्का पुरेसा आहे. आणि फक्त डिव्हिडंडचा प्रश्न नाही. सप्टेंबर 2016 मध्ये रिअल इस्टेट फायनान्शियल्समधून वेगळं काढलं, तेव्हा XLF धारकांना XLRE चे शेअर वाटले गेले. XLF च्या किमतीतला जवळपास पाचवा हिस्सा एका दिवसात कमी झाला. गुंतवणूकदाराचं नुकसान शून्य, कारण XLRE त्याच्या खात्यात आलं होतं. पण ॲडजस्ट न केलेल्या भावावर XLF त्या शुक्रवारी तळाला जातो आणि तिथेच पडून राहतो. मग तो आठवडा हिशोबातून बाहेर पडला की एकदम वर उडी मारतो. एका वाटपामुळे दोनदा खोटं रोटेशन. जुना डेटा घेऊन पद्धत तपासणाऱ्याने ही जागा आधी बघावी.

मंदगती:
हे बरोबर आहे, आणि माझ्याच मुद्द्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आहे.

कोष्टकवाली:
तुमच्या मुद्द्याचं नाही. डेटा चुकीचा असेल तर तुमची सगळी आकडेमोड वाया जाते, असं म्हणतेय मी.

निवांत:
माझ्याकडे दोन सेक्टर फंड आहेत. सल्लागाराने हेल्थकेअर घ्यायला लावला, वर्षाच्या आत काढायला गेलो तर एक्झिट लोड. दर आठवड्याला बदलणं कसं परवडतं? आणि आत्ता कोणता सेक्टर घेऊ?

कोष्टकवाली:
इथे ईटीएफबद्दल चाललंय, त्यांना एक्झिट लोड नसतो. ब्रोकरेज आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक मात्र प्रत्येक वेळी जातो, त्यामुळे प्रश्न अगदीच गैरलागू नाही. कोणता घ्यायचा, हे या धाग्यात मिळणार नाही.

अर्धविराम:
माझा अनुभव वेगळाच. बुधवारी अलर्ट यायचा आणि शनिवारी बघावं तर लीडर पुन्हा जुनाच. डेटा पुरवणाऱ्याला मी चार शब्द सुनावूनही झाले. शेवटी कळलं की pandas मधलं `W-FRI` अर्धवट आठवड्यालाही येत्या शुक्रवारची तारीख लावतं. बुधवारचा भाव शुक्रवारचा म्हणून मोजला जात होता. आता हे लावलंय आणि स्क्रिप्ट शनिवारीच चालवतो:

```python
w = p.resample("W-FRI").last()
w = w[w.index < pd.Timestamp.today().normalize()]
```

अकरा फंडांची वीस वर्षांची बॅकटेस्टही करून ठेवली आहे.

कोष्टकवाली:
अकरांची वीस वर्षं आणली कुठून? XLRE ऑक्टोबर 2015 चा, XLC जून 2018 चा. त्याआधी नऊच होते. आणि 2018 मध्ये अल्फाबेट, फेसबुक टेक्नॉलॉजीतून कम्युनिकेशनमध्ये गेले. तेव्हाचा XLK आणि आताचा XLK वेगळे आहेत.

अर्धविराम:
पहिली काही वर्षं नऊवरच चालवली होती. लिहायचं राहिलं.

दर_शुक्रवारी:
इतका वेळ सगळे दोष काढताहेत. करायचं काय ते कोणी सांगेल का?

मंदगती:
जुन्या आठवड्यांचं वजन हळूहळू उतरवा. ताज्या आठवड्याला 1, त्याआधीच्याला 0.9, त्याआधीच्याला 0.81, असं मागे जात. तेराव्यापर्यंत वजन सुमारे 0.28 उरतं. वरच्या उदाहरणात गळणाऱ्या आठवड्याने दोघांत 3.5 टक्क्यांची उलथापालथ केली होती, ती एकाच्या आसपास येते. त्यावर मग तुमची दोन टक्के आणि दोन आठवड्यांची अट लावा. आणि अलर्टमध्ये दोन आकडे वेगळे दाखवा: या आठवड्याने किती सरकवलं आणि गेलेल्या आठवड्याने किती. पहिला शून्याजवळ असेल तर सोमवारी हात लावू नका.

जुना_खेळाडू:
आणि 0.9 कुठून आलं? 0.8 का नाही? आकडा तुम्हीही मनानेच घेतलाय.

मंदगती:
0.8 घ्या, तुमच्या वेगाच्या जवळ जाल आणि जूनसारखे फटके जास्त खाल. निवड करावीच लागते, हे नाकारत नाही.

दर_शुक्रवारी:
ॲडजस्टेड भाव आणि ते दोन आकडे लावतो. वजनाचं मात्र पटलेलं नाही. गेल्या 13 आठवड्यांत XLV ने XLI पेक्षा जास्त दिलं असेल तर तो पुढे आहे, मग ते कुठल्याही आठवड्यामुळे असो. तीन महिन्यांपूर्वीची पडझड विसरणं हाच तर 13 आठवड्यांचा अर्थ आहे.

मंदगती:
पुढे आहे, कबूल. पण तो या शुक्रवारी पुढे आला नाही, आणि तुमचा अलर्ट नेमकं तेच सांगतोय.