जपानीत वारु की वारेरु: चूक कबूल करताना

> कप चुकून फुटला असेल, तर जपानीत 'फुटणे' या अर्थाचे अकर्मक 'वारेरु'च वापरायचे ना?

नाही, हेतू नसणे हा इथे निकष नाही. मराठीत 'माझ्याकडून कप फुटला' असे म्हणून अकर्मक क्रियापदासोबतही जबाबदारी घेता येते, पण जपानीत तशी सहज सोय नसल्यामुळे, आपल्या हातून पडलेल्या कपाबद्दल 'कोप्पु गा वारेते शिमाइमाशिता' म्हटले, की तो आपोआप फुटला असे सांगून अंग काढून घेतल्यासारखे वाटते. म्हणून 'फोडणे' या अर्थाचे सकर्मक 'वारु' वापरून 'कोप्पु ओ वात्ते शिमाइमाशिता' म्हणावे. चुकून घडल्याची खंत 'शिमाइमाशिता'मधले सहायक क्रियापद 'शिमाउ' व्यक्त करतेच.

उलट, स्वतः केलेला चहा पाहुण्यांपुढे ठेवताना 'ओचा गा हाइरिमाशिता', म्हणजे 'चहा तयार झाला', हे अकर्मक वाक्यच शोभते, कारण तिथे आपले श्रम मिरवायचे नसतात.