मोठेपणी तिरळेपणाची शस्त्रक्रिया: गरज की हौस?

केतकी_पुणे: वय ३४. डावा डोळा लहानपणापासून बाहेर जातो, त्याची नजर ६/३६. डबल दिसत नाही. घरचे म्हणतात, नजर सुधारणार नसेल तर कशाला? करावी का?

मुकुंद_ठाणे: आळशी डोळ्याची नजर या वयात वाढत नाही. म्हणजे हे निव्वळ दिसण्यासाठी. विमा कंपनीही तेच म्हणेल. डोळ्याच्या आत हत्यार घालायची जोखीम कशाला घ्यायची?

प्रिझमवाली: नजर ६/३६ च राहील, हे खरं. पण हत्यार डोळ्याच्या आत जात नाही. पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा उघडून बाहेरचा स्नायू सोडवतात आणि मागे शिवतात, नाकाकडचा आखूड करतात. तिरळेपणाचा कोन प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचेने, मोजतात; तो ४० प्रिझम असेल तर अंदाज साधारण ८ मिमी मागे, ६ मिमी आखूड. सगळं डाव्या डोळ्यावरच, चांगल्याला हात लागत नाही. सुई पांढऱ्या थराच्या आरपार जाण्याचा धोका आहे, पण क्वचित.
केतकी, आधी प्रिझम धरून डोळा 'सरळ' झाल्यासारखं करून बघायला सांगा. मेंदू डाव्या डोळ्याचं चित्र आज दाबून ठेवतो. डोळा हलला की ते न दाबलेल्या जागी पडू शकतं आणि डबल दिसतं. शस्त्रक्रियेनंतर असं झालं तर बहुतेकांचं काही दिवसांत, आठवड्यांत जातं, मोजक्यांचं राहतं. प्रिझममागे डबल दिसलं तर घाई नको.

मुकुंद_ठाणे: मग फायदा काय? बाहेर जाणाऱ्या डोळ्याने तर त्या बाजूचं जास्त दिसतं!

प्रिझमवाली: बरोबर, ती रुंदी थोडी कमी होईल, आत वळलेल्या डोळ्यात मात्र वाढते. तरी मी याला हौस म्हणणार नाही. आपण कुणाकडे बघतोय हे समोरच्याला कळणं मुलाखतीत, वर्गात, काउंटरवर लागतंच. डोळा जागेवर आणणं आणि नाक धारदार करणं यांत फरक आहे. विम्यासाठी प्रिझमची मोजमापं आणि निदान कागदावर लिहून घ्या.

सुलभा_नागपूर: मला मधुमेह आहे. दोन आठवड्यांपासून उजवीकडे बघितलं की दोन-दोन दिसतं. मीही लगेच करून घेऊ?

प्रिझमवाली: सुलभाताई, तुमचं वेगळं आहे. आधी डॉक्टरांकडे जा, उद्यावर ढकलू नका. पापणी खाली आली किंवा डोकं जोरात दुखलं तर थेट इमर्जन्सीत. साखरेमुळे शीर अधू झाली असेल तर बहुधा काही महिन्यांत आपोआप सावरते. तोवर एका काचेवर पट्टी किंवा चिकट प्रिझम लावतात. सुमारे सहा महिने कोन स्थिर राहिल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार.

केतकी_पुणे: नंतरचे दिवस कसे जातात?

प्रिझमवाली: बहुधा त्याच दिवशी घरी. पहिले दिवस खुपतं, लाली काही आठवडे राहते. पोहणं बंद. दुखणं वाढलं, पू आला किंवा नजर उतरली तर लगेच दाखवा. पहिल्या आठवड्यातला कोन अंतिम मानू नका. कमी नजरेचा डोळा काही वर्षांनी पुन्हा बाहेर सरकू शकतो, म्हणून दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते हे धरून चाला.

मुकुंद_ठाणे: म्हणूनच नंतर सैल-घट्ट करता येणारे टाके मागा.

प्रिझमवाली: त्यावर सर्जनमध्ये एकमत नाही. काही प्रत्येक मोठ्या माणसाला घालतात, काही फक्त दुसऱ्या खेपेला. टाके जुळवताना पेशंट जागा असतो, ते सगळ्यांना झेपत नाही.