रापणीचा आवाज वाया गेला. वरून रचायचा की सीन मुका ठेवायचा?

खाडीकाठ: मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळ रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढताना शूट केलं. नऊ मिनिटांची डॉक्युमेंटरी आहे, त्यात ओढण्याचा सीन अडीच मिनिटांचा. माइकला फरचं कव्हर घालायचं राहिलं, दुपारचा वारा सुटलेला, सगळा ट्रॅक नुसता भडभडतोय. लायब्ररीतून समुद्र, पक्षी, माणसं लावून सीन उभा केला तर ती फसवणूक होते का?

फिरस्ता: इतकं कशाला? १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, वारा जातो. मी नेहमी तेच करतो.

टेपपट्टी: झुळूक असेल तर जातो. पण वेव्हफॉर्म मोठी करून बघा. माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसले, तर त्या क्षणी बोलणंही वाऱ्याबरोबर फाटलेलं आहे. खालचं कितीही कापा, ती खरखर वर राहतेच.

तरी तो ट्रॅक पुसू नका. दोर कधी ताणला, टोपली कधी आपटली, हे त्यात अजून कळतं. नवे आवाज त्या खुणांवर बसवायचे आणि मग त्याला म्यूट करायचं.

तळाला समुद्र, सीनभर सलग. शॉट बदलला की समुद्रही बदलला, तर कान लगेच पकडतो. त्यावर किनारा: माडांची सळसळ, कावळे, लांबचं अस्पष्ट बोलणं. सगळ्यात वर फक्त पडद्यावर दिसतं तेवढंच: ओला दोर, वाळूत रुतणारी टाच, मासळीची फडफड. वाळू परातीत भिजवून तीत पाय रोवा. फडफडीला ओला टॉवेल फरशीवर आपटा. हे जवळून रेकॉर्ड केलेलं लाँग शॉटला फार टोकदार लागतं, तेव्हा तिथे वरच्या फ्रिक्वेन्सी उतरवून आवाज कमी करा. रिव्हर्ब मात्र नको. उघड्या किनाऱ्यावर आवाज परत येत नाही, रिव्हर्ब लावलात की रापणकरी मंगल कार्यालयात उभे.

सरळसोट: म्हणजे टॉवेल आपटून बांगडा! ही डॉक्युमेंटरी आहे ना? आवाज गेला, तर पाटी टाकून तसं सांगा आणि सीन मुका दाखवा. बघणारा तुमच्यावर विश्वास ठेवून बसलेला असतो.

लग्नसराई: माझंही असंच झालं होतं. सप्तपदीला गुरुजींचा माइक बंद होता. दुसऱ्या लग्नातले मंत्र लावले, कोणाला कळलं नाही. तुम्हीही दुसऱ्या कुठल्या रापणीचं लावा की.

सरळसोट: बघा, सुरुवात टॉवेलने होते आणि शेवट दुसऱ्याच्या मंत्रांवर.

टेपपट्टी: इथे मी सरळसोटांच्या बाजूने. दोराचा आवाज कुठल्याही ओल्या दोराचा चालेल, कारण तो त्या दिवसाबद्दल काही सांगत नाही. ओढताना दिलेली हाळी मात्र त्या गावची, त्या माणसांची असते. स्टुडिओतल्या चार पोरांचं ‘हय्या हो’ लावाल तर ते खोटं.

लायब्ररीचा समुद्रही तपासून घ्या. ‘बीच’ नावाच्या बऱ्याच फायलींत युरोपातले सीगल केकाटत असतात. आपल्याकडे ते बहुतेक थंडीतले पाहुणे, मेपर्यंत निघून गेलेले. गोट्यांच्या किनाऱ्यावर लाट परतताना खडखडते, वाळूवर नुसती चरचरते. वेंगुर्ल्याचा माणूस पहिल्या लाटेला ओळखेल.

आणि लूप टाळा. चाळीस सेकंदांच्या तुकड्यावर मी एकदा अख्खा सीन काढला होता. त्यात एक कोंबडा आरवायचा. दिग्दर्शकाने तो चार वेळा मोजला. सीन अडीच मिनिटांचा असेल, तर चार मिनिटं सलग रेकॉर्ड केलेलं वापरा.

फिरस्ता: पण मूळ आवाज अगदी हळू खाली ठेवला, तर खरेपणा टिकेल ना?

टेपपट्टी: फाटलेला आवाज हळू केला तरी फाटलेलाच ऐकू येतो. एखादा बरा तुकडा सापडला, तर तेवढाच घ्या.

खाडीकाठ: समुद्र आणि हाळी नारळी पौर्णिमेनंतर तिथेच जाऊन, त्याच माणसांकडून रेकॉर्ड करीन. पण एक क्लोजअप आहे. म्होरक्या ओरडतोय, ओठ स्पष्ट दिसतात. काय ओरडला ते आता मला आठवत नाही.

टेपपट्टी: मोबाईलवर त्यांनाच दाखवा. काय म्हणालो ते ओठांवरून सांगतील. मग तिथेच, किनाऱ्यावर दोर हातात घेऊन म्हणायला लावा. बसल्या जागी दिलेल्या हाळीत दम लागलेला नसतो.

सरळसोट: आणि मेमध्ये भलतंच म्हणाले असतील तर?

टेपपट्टी: ओठांवर बसलं नाही, तर त्या ठिकाणी हातांचा शॉट घाला.

सरळसोट: आणि बसलं, पण खरं नसेल तर?

खाडीकाठ: पाटी टाकतो. कुठे टाकायची, ते अजून ठरत नाहीये.